पायावर उभी

ताईच्या तोंडी आयुष्यभर एकच वाक्य होतं: "आधी स्वतःच्या पायावर उभी राहा." आई गेली तेव्हा धाकटी बहीण जेमतेम शाळेत जाऊ लागली होती. तिला सगळे बारकी म्हणायचे. पुढे ती चांगली अंगापिंडानं भरली, तरी बारकीच राहिली. ताईनं शिलाई मशीनवर मान मोडेस्तोवर काम केलं, लोकांच्या पँटी आखूड केल्या, ब्लाउज सैल केले, आणि हेच वाक्य बारकीच्या कानीकपाळी ओरडत राहिली. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "मला कुठे वेळ आहे? माझं एक लेकरू आहे ना वाढवायला!" आणि बोट बारकीकडे.

बारकी उभी राहिली हो, अक्षरशः. केस कापायला शिकली, पार्लर काढलं, दिवसभर खुर्चीमागे उभी. नवरा सोडून गेला तेव्हा रडली कमी आणि हसली जास्त. "घोरायचा मेला," म्हणाली. मागे एक मुलगी राहिली, ती ताईच्या गळ्यात पडली. दोघी बहिणी आणि ती पोर असं तिघींचं घर. ताईचा तोंडाचा पट्टा अखंड चालू आणि बाकीच्या दोघी कानात बोळे घातल्यासारख्या निवांत.

बारकीचं एकच दुखणं होतं. पाळी आली की अंगावरून इतकं जायचं की पार्लर बंद ठेवावं लागायचं, कळा यायच्या त्या वेगळ्याच. बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी रोजची एक हार्मोनची गोळी सुरू केली आणि बारकी माणसात आली. मग ओल्या फरशीवर पाय घसरला, गुडघ्यातलं काहीतरी तुटलं, आणि ऑपरेशन ठरलं. ठरवून करायचं होतं, घाई नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सगळं सांगितलं. ताई सोबत होतीच, ती नसेल कुठे? "या गोळीत इस्ट्रोजेन आहे. त्यानं रक्ताच्या गुठळ्या व्हायची शक्यता वाढते. पायाचं मोठं ऑपरेशन आणि नंतर पडून राहणं, त्यानंही वाढते. तेव्हा ऑपरेशनच्या चार आठवडे आधी गोळी बंद. नंतर पूर्ण हिंडायला-फिरायला लागलात, पहिल्यासारख्या, की त्यानंतर कमीत कमी दोन आठवडे थांबायचं आणि मगच सुरू. मधे पाळीचा फार त्रास झाला तर मला फोन करा. इस्ट्रोजेन नसलेला दुसरा उपाय आहे."

ताईनं मान डोलावली. तिला सगळं समजलं होतं. घरी येऊन तिनं भाचीला सांगितलं, "मावशी सांगते ते लक्षात ठेव गं. तुझी आई पायावर उभी राहिली की दोन आठवड्यांनी गोळी."

बघा, काय झालं ते. डॉक्टरीणबाईंच्या तोंडी ते शब्द नव्हतेच. पण आयुष्यभर जे वाक्य जिभेवर घोळवलं, त्याच साच्यात ताईनं सगळं ओतलं आणि तिला पत्ताही लागला नाही.

गोळी वेळेवर बंद झाली. ऑपरेशन छान झालं. गुठळी होऊ नये म्हणून पायात घट्ट मोजे, पोटात रोजचं इंजेक्शन, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणारी मुलगी वॉकर घेऊन आली. "ऑपरेशनचा पाय टेकवायचा नाही हं," म्हणत तिनं बारकीला पलंगापाशी उभं केलं. बारकी घामाघूम झाली, एका पायावर डुगडुगली आणि परत बसली. पण ताईनं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईला ओरडून सांगितलं, "बघा, बघा, माझी बारकी पायावर उभी राहिली!" आणि त्याच क्षणापासून ताईचे दोन आठवडे सुरू झाले.

घरी बारकी पलंगावरच. पायाला पट्टा, पाय उशीवर, टेकवायला अजून बराच अवकाश. संडासापर्यंत वॉकरनं एका पायावर उड्या मारत जायची आणि म्हणायची, "ताई, मी चिमणी झाले." इंजेक्शनांचे ठरलेले दिवस संपले. मधे पाळी येऊन गेली ती अशी की चादरी धुता धुता ताईचे हात सोलवटले आणि बारकी कळांनी पांढरीफटक. डॉक्टरीणबाईंना फोन करायचं ताईच्या डोक्यात आलं, नाही असं नाही. पण कशाला? दोन आठवडे तर भरतच आले होते. भरले, आणि तिनं कपाटातून पाकीट काढून पहिली गोळी स्वतःच्या हातानं दिली.

"नक्की ना गं?" बारकीनं विचारलं.

"मी चुकीचं सांगेन का तुला?" ताई म्हणाली. बारकीनं गोळी गिळली. तिनं ताईचं कधी नाही ऐकलं होतं?

पाकीट निम्मंही झालं नव्हतं. पोटरी दुखायला लागली, ऑपरेशनच्याच पायाची. सुजली, गरम लागली. ताई म्हणाली, पट्टा काचत असेल. तिनं पट्टा सैल केला आणि पाय उशीवर आणखी उंच ठेवला. जखम म्हटली की दुखणारच, असं तिघींनाही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाची आईची वेणी घालत होती. बारकी म्हणाली, "जरा खिडकी उघड, श्वास पुरत नाहीये." खिडकी उघडीच होती. तिनं छातीवर हात धरला, ओठ निळे पडले, आणि रुग्णवाहिका दारात येईपर्यंत तिचा हात ताईच्या हातात सैल पडला होता.

हॉस्पिटलात त्यांनी जिवाचं रान केलं. मग मोठे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, पायातली गुठळी फुप्फुसात गेली, त्यांना वाचवता आलं नाही. डॉक्टरीणबाई धावत आल्या होत्या.

"गोळी कधी सुरू केली होती?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तशीच," ताई म्हणाली. "पायावर उभी राहिली, त्यानंतर दोन आठवड्यांनी."

"पण त्या चालायला कधी लागल्या?"

 बारकी चाललीच नव्हती. दोन आठवडे कुठून मोजायचे होते ते तिथे, हॉस्पिटलच्या बाकावर, ताईला कळलं.

डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या. "एकट्या गोळीनंच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ऑपरेशनचा धोका होताच, पडून राहण्याचा होताच."

"म्हणून तर तिसरा नको होता ना?" ताईनं विचारलं.

त्यांनी नाही म्हटलं नाही. नुसता ताईच्या पाठीवर हात ठेवला, आणि ताईला वाटलं, यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग माणसं भेटायला येऊ लागली. ताईचा तोंडाचा पट्टा बंद. बोलणारी बाई गप्प झाली की घर कसं खायला उठतं! भाची कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. पार्लरमध्ये वर्षानुवर्षं येणारी एक बाई डोळे पुसत म्हणाली, "ताई, आता सावरा. या पोरीला तुम्हालाच पायावर उभं करायचंय."

ताईनं वर बघितलं. ओठ हलले, वाक्य आयुष्यभर जसं यायचं तसं अगदी जिभेवर आलं, आणि तिनं तोंडावर पदर दाबून धरला. पदराआडून हुंदका फुटला. मग ती उठली, भाचीपाशी गेली आणि तिचा हात धरला.

"चल," ती म्हणाली. "दारापर्यंत चालून दाखव मला."

पोरगी काही न समजता उठली आणि चालू लागली. ताई तिच्या पावलांकडे बघत राहिली, एक, मग दुसरं. ती दारापर्यंत पोचली तरी ताई म्हणत होती, "अजून. अजून चाल."