नावाची जागा कोरी

दुपारी जेवून रघुवीर सामंत लेकीच्या खाटेवर आडवे होतात. छातीवर तिचं पत्र. मृणाल नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. भाद्रपदात ताप आला आणि चार दिवसांत गेली. आई लहानपणीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. आज तिची पुस्तकं कॉलेजच्या वाचनालयाला द्यायला काढली, तर एकात हे पत्र निघालं. ‘प्रिय’ आणि पुढे बोटभर कोरी जागा. अजून न भेटलेल्या नवऱ्याला लिहिलेलं.

पहिल्या पानावर ‘तुम्ही’ खोडून जागोजाग ‘तू’ केलंय. भांडलो तरी राग जेवणावर काढायचा नाही, असं लिहिलंय. रात्रपाळीहून आले की अर्धा तास काही विचारू नकोस. मला पोहायला शिकव, येत नसेल तर दोघं मिळून शिकू. आणि शेवटी: ‘बाबा आपल्याजवळ राहतील. हे मी पहिल्याच भेटीत विचारणार. नाही म्हणालास तर राग नाही, पण मग हे पत्र तुझं नव्हे.’

अक्षरं पुसट होत जातात. डोळा लागतो न लागतो तोच मृणाल टेबलाशी बसलेली दिसते, पाठमोरी, लिहीत.

ते तिला सांगू लागतात, की तीन स्थळं तू मोडलीस, मला वाटलं तुला लग्नच नको, म्हणून महिनाभर मी तुझ्याशी धड बोललो नाही.

“मला पसंत होते, बाबा,” ती मागे न बघता म्हणते. “दुसरा तर फारच.”

“मग?”

“विचारलं मी त्याला.”

ती पुन्हा लिहू लागते.

टेबल आता पोस्टाच्या खिडकीएवढं उंच झालंय. पलीकडे वॉर्डातल्या पांढऱ्या खाटांची रांग, आणि तिच्या पायात चप्पल नाही. ती पत्राची घडी घालून पाकिटात सरकवते, पाकीट त्यांच्या हाती देते.

“नाव काय घालू, बाळा?”

“भेटला की घालणार होते. राहू द्या कोरंच. नुसतं बंद करा.”

“मला एकदा सांगायचंस गं.”

“तुम्ही नको म्हणाला असता. म्हणाला असता, माझं मी बघतो.”

खरंच आहे ते. तेच म्हणाले असते. रघुवीर पाकिटाची कड जिभेवरून फिरवतात, अंगठ्याने हळूहळू दाबत नेतात, कोपऱ्यापर्यंत. मान वर करतात तर खिडकीपलीकडे कुणी नाही.

जाग येते तेव्हा उन्हं भिंतीवर चढलेली असतात. पत्राची पानं छातीवर तशीच, सुटी. घरात पाकीट नाही, कधी आणलेलंच नाही. पण जिभेवर डिंकाची चव आहे, गुळमट, चिकट. पाण्याचा तांब्या उशाशीच असतो. रघुवीर तो उचलत नाहीत. तोंड मिटून तसेच पडून राहतात.