चाचणीतून काढलेले चेहरे

दोन हजार आठमध्ये वसईच्या कॉलेजात आम्ही एका स्पर्धेसाठी चेहऱ्यावरून वय सांगणारं सॉफ्टवेअर बनवत होतो. ते शिकलं होतं इंटरनेटवरच्या फोटोंवरून, आणि त्यात बहुतेक गोरे, तरुण चेहरे होते.

मग चाचणीसाठी मी जवळच्या पाचूबंदरच्या कोळणींचे फोटो घातले. सत्तरीच्या सावळ्या आजीचं वय त्याने पंचेचाळीस सांगितलं. तशा म्हाताऱ्या त्याने जवळजवळ पाहिल्याच नव्हत्या, त्यामुळे सावळ्या कातडीवरच्या सुरकुत्या त्याला ओळखता येत नव्हत्या.

"सर, असे आणखी फोटो गोळा करून त्याला शिकवू," मी म्हणाले.

"वेळ कुठाय? हे फोटो खराब आहेत असं सांगून चाचणीतून काढ."

मी काढले. चुका कमी दिसल्या, बक्षीस मिळालं. स्टेजवर सरांनी पाठ थोपटली, तेव्हा मला त्यांची आणि माझीही किळस आली.