गेन आला दहावा हिस्सा!

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला आमच्या पॉलिटेक्निकमधी एका टेबलावर दोघी. माझी पार्टनर बसस्टँडापाशी सीताफळं विकणाऱ्या चाचांची पोरगी. आकडेमोड तिला माझ्यापेक्षा भारी जमते, पन बाहेरून आलेल्या सरांनी प्रश्न इचारला की तोंडाला कुलूपच! मागच्या खेपेला ह्याच विषयात ती गप बसल्यामुळं नापास झालती. आता परत अडकली तर कंपनीच्या इंटरव्ह्यूला नाव जानार न्हाई. सकाळपासून ती वही चाळत बसलेली, आन मी आपली "काय न्हाई होत गं" म्हणत सुटलेली.

चिठ्ठी उचलली तर काय, ऑप-अँपचा लो-पास फिल्टर! डीसी गेन, म्हंजे स्थिर व्होल्टेज किती पट मोठं होतंय, ते काढा; कटऑफ, म्हंजे कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून सिग्नल दबायला लागतो, ते काढा. मी तर नाचलेच. सोपंय की! सिग्नल आत येतो तिथं एक किलोओहमचा रेझिस्टर. आउटपुटवरून उलट्या इनपुटला परत आननारा दहा किलोचा, आन त्याच्याच जोडीला कपॅसिटर. गेन म्हंजे दहा भागिले एक, दहा. सिग्नल उलटा होतो म्हनून वजा दहा. कटऑफला परतीचा रेझिस्टर आन कपॅसिटर, दोघंच लागतात. तिनं झटक्यात काढलं, सोळाशे हर्ट्झच्या आसपास.

सर्किट मी जोडलं. अर्धा व्होल्ट डीसी दिला. मीटरवर वजा पाच पायजे होते.

आले वजा शून्य पॉइंट शून्य पाच.

"हे काय बे!" मी म्हनले.

"गेन दहा न्हाई, दहावा हिस्सा आलाय," ती म्हनली.

आमच्या कॉलेजात अशा वेळची एक जुनी रीत हाय. रीडिंग जुळवायचं! उत्तर माहितीच असतंय, मग उलटं गणित करून तक्ता भरून टाकायचा. मी म्हनले, "लिही पाच, चल पुढं."

"आन सर म्हनले मीटर दाखव, तर? मी काय बोलू? तू बोलशील माझ्या जागी?"

हे मात्र खरं होतं. गपगुमान आमी कटऑफ बघायला घेतला. डीसी काढून साइन वेव्ह दिली. सुरुवातीला आउटपुट जेवढं येतंय, त्याच्या सत्तर टक्क्यांवर आलं की तो कटऑफ. सोळाशे गेले, वेव्ह जशीच्या तशी. तीन हजार, पाच हजार, ढिम्म! मी नॉब फिरवतेय फिरवतेय, तवा कुठं सोळा हजाराला येऊन ती सत्तर टक्क्यांवर आली.

"कपॅसिटर खराब हाय," मी जाहीर करून टाकलं.

"थांब गं माय." तिनं माझा हातच धरला. "कपॅसिटर बिघडला तर डीसी गेन कशाला बदलंल? डीसीला तर त्याचा संबंधच न्हाई. गेन दहा पट कमी, कटऑफ दहा पट जास्त. दोन्हीत कोन हाय? परतीचा रेझिस्टर! तू अदलाबदल केलीस!"

रेझिस्टर उपसले, मीटरनं मोजले. खरंच की! आमच्या लॅबमधले रेझिस्टर मिठाईच्या डब्यात असतात, किती ओहमचा ते अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वळखायचं, पन वर्षानुवर्षं तापून तापून दहा किलोचा नारंगी पट्टा लाल दिसायला लागलेला आन एक किलोचा लाल पट्टा काळपट. मी रंग बघून लावले, मोजलेच न्हाईत. शाबास मी!

बदलून लावले. वजा पाच! कटऑफ सोळाशेला थोडा कमी. तेवढ्यात सर आलेच. माझ्याकडं बघितलंच न्हाई, थेट तिला.

"गेन वीस कर. कटऑफ हलला न्हाई पायजे. काय बदलशील?"

ती गप. मला उत्तर येत होतं, ओठावर आलतं, पन बोलले असते तर तिचं वाटोळंच. मी नुसती ओढनीचं टोक पिळत बसले.

मग तिनं तोंडाच्या आधी हात चालवला. डब्यातून अजून एक रेझिस्टर घेतला, मोजला, एक किलो. पयल्या एक किलोला समांतर लावला.

"आता इनपुटला अर्धा किलो झाला, सर. दहा भागिले अर्धा, वीस. परतीचा रेझिस्टर आन कपॅसिटर तसेच ठेवले, म्हनून कटऑफ तिथंच."

तिनं परत अर्धा व्होल्ट डीसी दिला, मीटर वजा दहा दाखवत होता.

"आन सोळा हजार का आलते मघाशी? मी लांबून बघत होतो."

मेले! पन ती थांबतच न्हाई. डबा, पट्टे, अदलाबदल, डीसीला कपॅसिटर कसा नसल्यासारखा असतो, समदं सांगून टाकलं. सर हसले, सही केली. "अडकायची न्हाईस तू आता."

बाहेर आल्या आल्या तिनं फोन लावला. "अब्बा, मैं बोली! सब बोली!" पलीकडून चाचा इतके मोठ्यानं ओरडले की मला इकडं ऐकू आलं. फोन ठेवायच्या आधीच पुढच्या बॅचच्या पोरींनी तिला गराडा घातलेला, काय इचारतेत, काय इचारतेत, आन ही त्यांना हात नाचवून नाचवून फिल्टर शिकवतेय. मला मधी एक शब्द बोलू देईना!