निकाल शेवटच्या ओळीत

न्यायालयात अधीक्षक म्हणून मी निवृत्त झालो, परंतु पत्रे लिहिणे थांबले नाही. रस्त्यावरचा बंद दिवा असो वा बँकेतला बंद पंखा, संबंधितांस माझे पत्र जातेच; उत्तर न आल्यास स्मरणपत्र जाते. असा मनुष्य घरी फार वेळ बसलेला घरच्यांना परवडत नाही. म्हणून एका जुन्या स्नेही वकिलांच्या कार्यालयात कागदपत्रे पाहण्याचे काम मी हाती घेतले. त्या कार्यालयात संगणक नावाच्या यंत्राने मला नोटीस बजावण्याचा जो प्रकार केला, त्याविषयी हे लेखन आहे.

शहराच्या पूर्व भागातील विणकरांच्या एका चाळीचे प्रकरण वकिलांकडे होते. जागेच्या नव्या मालकाने चाळ रिकामी करून मागितली होती; त्यास न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली होती. चाळीतली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथे माग चालवत आलेली. त्यांच्या वतीने एक वृद्ध अम्मा कार्यालयात येत. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि दोन्हींत सारखाच अधिकार. चाळीचे वास्तव्य सिद्ध करणारे जुने दाखले, पावत्या, शिधापत्रिका, पत्रव्यवहार असे गठ्ठेच्या गठ्ठे त्यांनी आणून दिले. न्यायालयाने ते ऑनलाइन दाखल करण्यास अखेरची संधी दिली होती. अट अशी, की प्रत्येक कागद त्यातील मजकूर शोधता येईल अशा स्वरूपात असावा. मुदत हुकली तर कागद रेकॉर्डवर येणार नव्हते, आणि कागद नसतील तर चाळीची स्थगिती टिकणार नव्हती.

गठ्ठे स्कॅन झाले. छायाचित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्याचे काम वकिलांच्या सूनबाईंनी अंगावर घेतले. त्या संगणक अभियंता. पुण्याच्या एका कंपनीचे काम होटगी रोडच्या घरात बसून करतात. त्यांनी त्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राने ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी, लिहिली. ती एकदा सुरू केली की तासन्‌तास चाले.

"हे यंत्रासमोर बसून पाहत राहायचे?" मी विचारले.

"नाही वो काका. संपलं की तेच सांगेल आपल्या ग्रुपवर."

कार्यालयाच्या कामासाठी आमच्या सर्वांच्या फोनमध्ये एक चॅटचे ॲप होते. त्यातील या प्रकरणाच्या गटासाठी, ज्यात अम्माही होत्या, सूनबाईंनी एक गुप्त पत्ता तयार करून घेतला. त्याला त्या वेबहुक म्हणत. त्या पत्त्यावर इंटरनेटवरून मजकूर पाठवला की तो थेट गटात उमटे. स्क्रिप्टच्या शेवटी त्यांनी तसा मजकूर पाठवणारी ओळ घातली.

"पाठवणाऱ्याची ओळख कोण पटवतो?" मी विचारले.

"कुणीच नाही. ज्याच्याकडे पत्ता, तो लिहू शकतो. म्हणून पत्ता स्क्रिप्टमध्ये न लिहिता वेगळ्या फायलीत ठेवलाय. कुणाला द्यायचा नाही."

मी त्या पत्त्याची एक प्रमाणित प्रत दप्तरी ठेवण्याची सूचना केली. सूनबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की सूचना मी तोंडीच मागे घेतली.

पहिली चाचणी झाली. गटात संदेश आला: "झालं". पुढे एक हिरवी खूण. वकिलांनी आनंदाने फाईल उघडली तर आत काही नव्हते. अक्षरे वाचणारी आज्ञा मध्येच अडखळून थांबली होती. परंतु संदेशाची ओळ तिच्यामागोमाग, निकाल काहीही असो, चालणारच होती.

माझा संताप अनावर झाला. मी सूनबाईंना रीतसर पत्र लिहिले. "काय झाले, कोणी केले, कसे झाले, यांपैकी कशाचाही उल्लेख नसलेला संदेश ही नोटीस होऊ शकत नाही. खोटी पोच देणे हे पोच न देण्यापेक्षा गंभीर आहे."

पत्र वाचून त्या म्हणाल्या, "काका, दुसरं वाक्य शंभर टक्के बरोबर. घाईत लिहिलं होतं मी."

त्यांनी दुरुस्ती केली. कोणतीही आज्ञा संपताना यंत्रास एक संकेतांक देते. शून्य म्हणजे यशस्वी, इतर काहीही म्हणजे अयशस्वी. आता स्क्रिप्ट कोठेही थांबली तरी बाहेर पडताना तो अंक तपासला जाई आणि त्याप्रमाणे संदेश जाई. मी विचारले, वीज गेली तर? सूनबाई म्हणाल्या, यंत्रच बंद पडले तर संदेश कोण पाठवणार; म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर दुसरा पहारा बसवला, सकाळपर्यंत काहीच संदेश न आल्यास तो स्वतंत्रपणे बोंब मारील. मौन ही संमती नव्हे, हे तत्त्व यंत्रालाही मान्य झालेले पाहून मला समाधान वाटले.

"आता मजकूर तेवढा तुम्ही द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर परत पत्र येईल."

मी मसुदा दिला, आणि तो जसाच्या तसा वापरण्यात आला. "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की, प्रस्तुत प्रकरणी दाखल करावयाच्या दस्तऐवजांचे मजकूर-वाचनाचे काम नियमानुसार हाती घेण्यात आले असून, यंत्राने दिलेल्या अंतिम संकेतांकानुसार ते" आणि येथे परिस्थितीप्रमाणे "यशस्वीरीत्या" अथवा "अयशस्वीरीत्या", त्यापुढे "समाप्त झाले आहे." हयातभर मी निकालपत्रे हाताळली. आधी पक्षकार, मग वस्तुस्थिती, मग मुद्दे, मग कारणमीमांसा, आणि आदेश सर्वांत शेवटी. ही रचना मला श्वासाइतकी स्वाभाविक वाटे.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी सूनबाईंनी स्क्रिप्ट सुरू केली आणि सकाळी एका नातलगाच्या लग्नाला वैरागला गेल्या. वकील एका साक्षीदाराच्या तपासणीसाठी न्यायालयात होते. सकाळीच गटात संदेश आला. फोनच्या वरच्या पट्टीवर मावेल तेवढा तो दिसला: "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात..."

वकिलांनी हात जोडलेले चित्र पाठवले. कार्यालयातल्या दोन्ही कनिष्ठ वकिलांनी हात जोडले. त्यांपैकी एकाने "अभिनंदन सर" असेही लिहिले. अम्मांनी हात जोडून वर फुलांचा गुच्छ पाठवला. आमच्या गटात संदेश आला की हात जोडायचे हा रिवाज आहे. सुप्रभात असो, पुण्यतिथी असो, सुनावणीची पुढची तारीख असो, हात जोडले की कर्तव्य संपले.

दुपारी जेवण झाल्यावर मी तो संदेश उघडला. निकाल जाणून घेण्यासाठी नव्हे. निकाल हात जोडणाऱ्यांनी ठरवलाच होता. "याद्वारे" या शब्दाची तिथे खरोखर आवश्यकता होती का, हे मला पाहायचे होते. सावकाश वाचत मी शेवटाला पोहोचलो. काम "अयशस्वीरीत्या" समाप्त झाले होते.

मी न्यायालयाच्या आवारात वकिलांना गाठले.

"अभिनंदन कशाचे स्वीकारलेत?"

"का? झालं की ते."

"वाचलेत?"

"तुमचं पत्र आहे म्हटल्यावर..." एवढे बोलून ते थांबले, आणि फोन उघडून ओठ हलवत वाचू लागले. चेहऱ्याचा रंग बदलायला त्यांना पूर्ण वाक्य लागले. अम्मा शेजारीच होत्या. पेढे घेऊन आल्या होत्या.

"काय झालं वो?" त्यांनी विचारले.

"काम अर्धवट राहिलंय, अम्मा," वकील म्हणाले.

"मग ह्यात हात कशाला जोडले सगळ्यांनी?"

वकिलांनी आपले जोडलेले हात गटातून पुसून टाकले.

सूनबाईंना फोन लावला. मागे सनई आणि जेवणाच्या पंगतीचा कल्लोळ. मी प्रास्ताविक सुरू केले, "आज सकाळी प्राप्त झालेल्या सूचनेच्या अनुषंगाने..."

"काका, झालं की फसलं? एवढंच सांगा!"

"फसले."

तो शब्द मी कार्यालयीन कामात प्रथमच उच्चारला. नवरीच्या खोलीत लॅपटॉप उघडून त्यांनी तिथूनच कार्यालयाचा संगणक पाहिला. मधल्या टप्प्यावर प्रत्येक पानाचे मोठे चित्र तयार होत होते आणि ती चित्रे न पुसल्यामुळे डिस्क भरून गेली होती. पुढचे पान लिहायला जागाच उरली नव्हती. त्यांनी ती चित्रे पुसली, प्रत्येक गठ्ठा संपताच ती आपोआप पुसली जातील अशी सोय केली आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली. तयार झालेल्या फायली ती वगळून पुढे जात असे, त्यामुळे उरलेलेच काम करायचे होते.

मग आम्ही कार्यालयात बसून राहिलो. उकाडा असा, की पंखा गरम हवा फक्त इकडची तिकडे करत होता. अम्मांनी पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसल्या. वकील दर थोड्या वेळाने फोनकडे पाहत.

अखेर फोन वाजला. "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस..."

यावेळी कोणीही हात जोडले नाहीत. वकील मोठ्याने वाचू लागले. माझे वाक्य इतके लांब आहे हे मला त्या क्षणी, ऐकताना, प्रथम जाणवले. "नियमानुसार हाती घेण्यात आले असून" येथे अम्मांनी डोळे मिटले. "यंत्राने दिलेल्या अंतिम संकेतांकानुसार" येथे वकिलांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "यशस्वीरीत्या!" ते ओरडले, आणि फायली उघडून, त्यात एक-दोन नावे शोधून, खात्री करून घेऊन दाखल करायला बसले. मुदतीच्या आत कागद दाखल झाले.

सूनबाईंनी परत येताच माझा मसुदा काढून टाकला. नवा संदेश "झालं" किंवा "फसलं" या शब्दाने सुरू होतो. त्यानंतर कामाचे नाव, आणि फसले असेल तर चुकीची शेवटची ओळ. मी सविस्तर हरकत लिहिली. "फसलं" हा शब्द विधिविषयक कार्यालयास शोभत नाही, संदेशात संबोधन नाही, संदर्भ नाही. संध्याकाळी गटात उत्तर आले: "फसलं: काकांची हरकत." त्याखाली सर्वांनी हात जोडले, अर्थात वाचून.

काही काळाने चाळीच्या प्रकरणात आदेश झाला. प्रमाणित प्रत मीच आणली. कार्यालयात अम्मा भिंतीशी उभ्या होत्या; त्यांना बसा म्हटले तरी त्या बसेनात. मी चष्मा लावला आणि नेहमीच्या पद्धतीने पहिल्या पानापासून सुरुवात केली. "वादीच्या वतीने विद्वान वकिलांनी केलेला युक्तिवाद असा की..."

"काय वो काका," अम्मा म्हणाल्या. "झालं की फसलं?"

मी पाने उलटली, शेवटच्या पानावर गेलो, आणि त्यांच्याकडे पाहून म्हणालो, "झालं, अम्मा. स्थगिती कायम."

मग त्या बसल्या. कारणमीमांसा मी त्यांना त्यानंतर वाचून दाखवली. ती उत्तम होती, परंतु त्या ऐकत नव्हत्या.