कुंकू नव्हे, फडकं

पीण्या या कानडी मुलखातल्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उठेना. बटण दाबलं की पंखा फिरे, पडदा मात्र काळाच. मशीनला केबलने पाठवायचे सगळे प्रोग्राम त्यातच होते. मालकांनी लगेच गुन्हेगार शोधला: आमचे सर्वांत जुने मशीनवाले अण्णा. पूजेत त्यांनीच त्याला गंध-कुंकू लावलं होतं.

"कुंकू आत गेलं. उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

"अक्का, स्वल्प झाकणावर लावलं हो. आत कसं जाईल?" अण्णांनी मला विचारलं. पिढ्यान्पिढ्या इथल्याच मराठी घरातले ते, आणि मी पुण्याहून आलेली शहाणी इंजिनियर. मी रागात म्हणाले, "तुम्हाला लेथपलीकडे काही कळत नाही." त्यांनी मान खाली घातली.

पण लॅपटॉप दुरुस्तीला पाठवायला मी तयार नव्हते. ठरवलं, हा मीच उठवणार. अडॅप्टर काढला, बॅटरी काढली आणि उरलासुरला चार्ज निघून जावा म्हणून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. पुन्हा अडॅप्टर जोडला. पंखा फिरला, पडदा काळाच. पडद्याचा उजेड वाढवला, टॉर्च मारून पाहिलं. अंधुकसं चित्रही नाही. ऑफिसातला मॉनिटर मागे जोडला, तोही कोरा. म्हणजे दोष पडद्यात नव्हता. कॅप्स लॉकचा दिवाही लागत नव्हता. यंत्र सुरूच होत नव्हतं.

राहिली मेमरी. तिथे मी हात घालत नव्हते, कारण पूजेच्या आदल्या दिवशी, सगळी मशिनं उघडून पुसत असताना, "याला कोणी हात लावू नका" असं बजावून लॅपटॉप मीच उघडून आतून साफ केला होता. माझं काम चुकेल कसं?

अडॅप्टर, बॅटरी पुन्हा काढून तळाचं झाकण उघडलं. कुंकवाचा कणही नव्हता. मेमरीची पट्टी एका बाजूने अर्धवट वर आली होती आणि तिच्या सोनेरी टोकांना मशीन ऑइलचा वास येत होता. ते माझ्या फडक्याचं तेल होतं. खोडरबराने टोकं हलकेच घासली, चुरा झटकला, पट्टी तिरकी सरकवून टक् होईपर्यंत खाली दाबली. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली.

"बघा, कुंकूच होतं ना?" मालक म्हणाले.

आत काय होतं ते कोणी पाहिलं नव्हतं. गप्प राहणं फार सोपं होतं, आणि क्षणभर मला ते हवंही होतं. "नाही," मी म्हणाले. "चूक माझी. तेलकट फडक्याने मीच पुसलं आणि पट्टी नीट बसवली नाही. काढायचंच असेल तर मला काढा."

"राहू द्या, दोघंही कामाला लागा," म्हणत मालक ऑफिसात गेले. मी अण्णांची माफी मागितली. लाजेने मान वर होत नव्हती.

"सरी, ठीक आहे अक्का," ते मशीनकडे वळत म्हणाले, "आता प्रोग्राम पाठवा. मला त्यातलं काही कळत नाही."