कुत्र्याचे दहा दिवस

सोमवारी सकाळी मुलाला कुत्रा चावला. कुत्रा गावातलाच, तपकिरी, कोणाचाही नसलेला. वर्षभर शाळेत जाताना मुलगा त्याला डब्यातला भात घालायचा. त्या दिवशी दुसरा कुत्रा धावून आला आणि घाईत या तपकिरी कुत्र्याचा दात मुलाच्या हातावर बसला. रक्त आलं. पंधरा मिनिटं साबणाने जखम धुतली आणि एसटीने लाखांदूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. जखमेभोवती एक औषध टोचलं, दोन्ही दंडांवर लस दिली. कार्डावर सुयांचे दिवस लिहून दिले : ०, ३, ७, २८. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. धड राहिला तर चौथी सुई कदाचित लागणार नाही.

शेजारी म्हणाला, "दहा दिवस कायले पाहता, भाऊ? एक काठी हाणा न मोकळे व्हा!"

मुलगा रडायला लागला. "बाबा, तो माझ्यावर नाही रागावला. भातावर रागावला."

मी कुत्र्याला गोठ्यामागे लांब दोरीने बांधला. मुलाला जवळ जाऊ दिलं नाही. तो दुरूनच विचारायचा, "पानी पेला का? भुंकला का? लाळ गळते का?" मी रोज वहीत लिहायचो : प्यायला, भुंकला, गळत नाही. गुरुवारी आणि पुढच्या सोमवारी सुया झाल्या.

बुधवारी सकाळी मी बोटांवर मोजलं. दहा. दोरी सोडली. कुत्रा दोनदा अंग झटकून पाणी प्यायला आणि धानाच्या बांधावरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कार्ड दाखवायला गेलो. नर्सबाईंनी विचारलं, "आज दहावा ना? कुत्रा कसा आहे?"

"दहावा काल झाला, बाई."

"चावला तो दिवस शून्य."

आम्ही तेरवी मोजतो तसे मी दिवस मोजले होते, घटनेचा दिवसच पहिला धरून. कार्डावर शून्य स्पष्ट होतं. मी त्यावर रोज बोट ठेवलं होतं.

परतल्यावर कालव्यापर्यंत शोधलं. तीन दिवस शोधलं. एकाने सांगितलं, दिघोरीच्या रस्त्याने गेला. दुसऱ्याने सांगितलं, तो दुसराच होता. दवाखान्यात म्हणाले, मग चौथी सुई घ्यावीच लागेल.

अठ्ठाविसाव्या दिवशी ती झाली. परतीच्या बसमध्ये मुलगा म्हणाला, "बाबा, तो बिमार नव्हता ना?"

"नव्हता, असं वाटते."

"वाटते का मोजलं?"

नऊ दिवस तो धड होता, एवढंच वहीत आहे. तो कुठे आहे, आहे की नाही, हे मला अजून कळत नाही.

"नऊ दिवस मोजलं," मी म्हणालो. "दहावा माझ्यामुळं राहिला."

घरी आल्यावर मुलाने गोठ्यामागे ताटलीत भात ठेवला. मी खुंट्याची दोरी सोडून ठेवायला गेलो, तर म्हणाला, "राहू द्या, बाबा. आता बांधाचं नाही. पण त्याले जागा माहीत राहील."

दोरी राहू दिली.