आठव्या मजल्यावरचा पलंग

सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच तापलेलं होतं. दरवर्षीचं नाटक त्यांना तोंडपाठ होतं. अग्निसुरक्षेच्या तपासणीची तारीख आठ दिवस आधी फळ्यावर लागायची. मग जिन्यातले चपलांचे रॅक घरात जायचे, आगीच्या वेळी थांबायला ठेवलेल्या, आठव्या मजल्यावरच्या आसऱ्याच्या जागेतलं सामान पार्किंगमध्ये जायचं. तपासनीस खूश होऊन सही करायचा आणि संध्याकाळी सगळं पुन्हा जिथल्या तिथे!

बाईंचा थोरला भाऊ नवव्या मजल्यावर त्यांच्याकडेच राहायचा. अर्धांगवायूनंतर तो चाकाच्या खुर्चीत होता. आग लागली की लिफ्ट वापरायची नाही. म्हणजे दादाला उचलून एक मजला खाली, त्या आसऱ्याच्या जागेत आणायचं आणि बंबवाल्यांची वाट बघायची. एवढाच काय तो मार्ग. म्हणून यंदा बाईंनी तारीख कुणालाच सांगितली नाही. बघू दे एकदा खरं काय ते!

तपासनीस आला. पंप सुरू झाला, नळीला पाणी आलं. बाई म्हणाल्या, "आता माझ्या भावाला खाली नेऊन बघू." वॉचमन आणि प्लंबरने खुर्ची उचलली. जिन्यात दोनदा रॅकला धडकली. आठव्यावर त्या जागेच्या दाराला कुलूप! पोरं खेळतात म्हणून चेअरमनसाहेबांनी लावलेलं. साहेब किल्ली घेऊन येईपर्यंत दहा मिनिटं गेली.

"आग थांबते का हो दहा मिनिटं?" बाई कडाडल्या.

कुलूप निघालं, पण दार वीतभर उघडून अडलं. बाईंनी फटीतून पाहिलं. आतून घसरून दाराला टेकला होता दादाचा जुना लोखंडी पलंग. 'दोन दिवसांपुरता' म्हणून त्यांनीच ठेवलेला, आठ महिन्यांपूर्वी. मागे चेअरमनसाहेबांची ट्रेडमिल, कुणाचा सोफा, सायकली.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" चेअरमनसाहेब हसले.

बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. "लिहा हो," त्या तपासनीसाला म्हणाल्या, "पहिलं नाव माझं लिहा."

त्याने लिहिलं. जागा रिकामी आणि कुलूप कायमचं काढलेलं दिसेपर्यंत प्रमाणपत्र नाही.

पलंग तासाभरात भंगारवाल्याकडे गेला. बाकी सामान हललं नाही. "बघू", "रविवारी", "आमचंच दिसतं का?" दोन दिवस बाई दारोदार फिरून घसा कोरडा करून आल्या.

"बाय," दादा अडखळत म्हणाला, "मला तिथे नेऊन बसव. रोज."

लिफ्टने एक मजला खाली. दादा ट्रेडमिलशेजारी ठाण मांडून बसला. येणारा-जाणारा विचारायचा, "काका, इथे का?" दादा म्हणायचा, "आग लागली तर जागा मिळेल का, ते बघतोय."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चेअरमनसाहेब आले. दादाकडे न बघता त्यांनी ट्रेडमिलचं एक टोक धरलं आणि वॉचमनला हाक मारली.